पालकांना पत्र लिहितेय: मुलांच्या फोटोवरून अवतार काढायचेत, मसुदा पाहून द्या

खडूवाली

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवीचा वर्ग. पट ३१, संगणक ६, त्यातले चालणारे ५, आणि लाइन असली तर.

उपक्रम असा: प्रत्येक मुलाचा एक फोटो काढायचा, संगणकावर तो खाली फिकट ठेवायचा आणि वरच्या कोऱ्या थरावर माउसने रेघा मारून स्वतःचं कार्टूनसारखं चित्र, म्हणजे अवतार, काढायचा. मग तोच अवतार घेऊन मराठीच्या तासाला प्रत्येकाने चार चौकटींची चित्रकथा करायची. क्रिटा नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून घेतलंय, त्याला नेट लागत नाही. फोटो टाकला की आयतं चित्र देणारं ॲप वापरायचं नाही हे ठरलेलं आहे. मार्च २०२५ मध्ये त्या घिबली-छाप चित्रांची लाट आली तेव्हा आमच्या गावात निम्म्या लोकांचे डीपी बदलले होते, त्यामुळे पोरांना तेच हवंय. पण त्यात फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो आणि पोरगं काहीच काढत नाही.

पालकांना द्यायचं पत्र असं लिहिलंय:

> मा. पालक, स.न.वि.वि. इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या फोटोंवरून अवतार तयार करण्याचा उपक्रम घेत आहोत. आपल्या पाल्याचा स्पष्ट फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवावा. फोटो पूर्णपणे सुरक्षित राहतील व काम झाल्यावर पुसून टाकले जातील. आक्षेप न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.

मुख्याध्यापक म्हणाले ठीक आहे. मलाच काहीतरी खटकतंय. काय ते सांगा.

तुळशीवृंदावन

खूप छान उपक्रम, मॅडम! आजकालच्या मुलांना दशावतार माहीतच नसतात. वामनासाठी बुटकी मुलं आणि नरसिंहासाठी एखादा धिप्पाड विद्यार्थी घ्या. मुखवटे पुठ्ठ्याचे करता येतात, आमच्या नातवाच्या शाळेत केले होते. फोटो सांभाळून ठेवा, पुसू नका, आठवण राहते.

खडूवाली

काकू, ते अवतार नाहीत हो. मुलांचं स्वतःचंच चित्र. पण आमच्या वर्गात नरसिंह व्हायला चौघं तरी तयार होतील.

वऱ्हाडी_पोट्टा

मॅडम, पत्र चांगलं हाये. काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की त्याच्यातलं लोकेशन-बिकेशन समदं आपोआप निंगून जाते. म्या सोता चेक केलं हाये. ग्रुपवरच मागवा, सोपं पडते.

पिक्सेलकाका

पोट्ट्या, अर्धं बरोबर बोललास. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि त्यातली जागेची नोंद जाते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. आणि मॅडमनी 'स्पष्ट फोटो' मागितलाय. कुणीतरी हुशार काका सांगणारच की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्लॅरिटी येते.

लोकेशन मात्र इथला लहान प्रश्न आहे. मोठा हा की वर्गाच्या ग्रुपवर ३१ घरं आहेत आणि बहुतेकांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात. ३१ फोटो गुणिले ३१ फोन म्हणजे ९६१ प्रती, पहिल्याच दिवशी. त्यातले काही फोन गॅलरीचा बॅकअप नेटवर टाकतात. आता तुम्ही पत्रात लिहिलंय 'पुसून टाकले जातील'. कोण पुसणार, कुठे कुठे जाऊन?

मी वीस वर्षं अमरावतीत डीटीपी आणि छपाईचं काम केलं. गिऱ्हाइकाला मी एकच गोष्ट सांगायचो नाही, ती म्हणजे 'फाइल डिलीट केली बरं का'. कारण ती कुठेतरी असायचीच.

शेवटचा_बाक

एवढं सगळं कशासाठी? पोरांचे फोटो शाळेच्या पोर्टलवर आहेत, आधारवर आहेत, आईच्या स्टेटसवर रोज असतात. एका चित्राने काय आभाळ कोसळणार आहे? शिक्षकांना आधीच कागदपत्रं कमी आहेत का?

निंबोणी

बाक, मी सांगते काय होतं ते. माझी भाची. नवऱ्याशी बिनसल्यावर तिची आई तिला घेऊन माहेरी, दुसऱ्या तालुक्यात आली. मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो कुणीतरी सार्वजनिक पानावर टाकला, खाली पोरीचं पूर्ण नाव, वर्ग आणि शाळेचं नाव. आठवड्यात बाप शाळेच्या फाटकाशी हजर. तमाशा झाला, पोरगी महिनाभर शाळेत गेली नाही. फोटो काढणाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता, कौतुकानेच टाकला होता.

मॅडम, तुमच्या ३१ जणांत असं एखादं घर असेल तर ते ग्रुपवर आक्षेप घेणार नाही. गप्प बसेल. आणि तुम्ही गप्प बसण्याला संमती म्हणताय.

काळा_कोट

निंबोणीताईंनी नेमकं बोट ठेवलं. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संमती कशासाठी ते नेमकं सांगितलेलं हवं, ती अटीवर घेतलेली नको आणि माणसाने स्पष्टपणे 'हो' म्हटलेलं हवं. शिवाय देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. शैक्षणिक संस्थांना त्यात काही सवलतीही आहेत, म्हणून उद्या कुणी तुम्हाला कोर्टात ओढेल असं मी म्हणत नाही. पण 'आक्षेप नसल्यास संमती' हे वाक्य काढा. त्याला संमती म्हणता येत नाही.

वऱ्हाडी_पोट्टा

पण ॲडमिशनच्या टायमाले तर सगळ्या पालकायची सही घेते ना शाळा? फोटो वापरायची? मंग परत कायले?

काळा_कोट

ती सही ओळखपत्रासाठी किंवा दाखल्यासाठी असते. दहा वर्षांपूर्वी बैल विकल्याची पावती दाखवून आज शेत मागण्यातला प्रकार आहे हा.

रंगपेटी

वर्ध्यात चित्रकला शिकवते. माझा मुद्दा वेगळा आहे आणि पत्रात कदाचित बसणारही नाही.

रंग. मुलं फोटोवर ड्रॉपर टेकवून कातडीचा रंग उचलतात. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत एकाच गालावर चार रंग असतात आणि मूल त्यातला सगळ्यात उजळ उचलतं. त्यात फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला बरेचदा ब्यूटी मोड आधीच चालू असतो, तो आधीच गोरं करून ठेवतो. मागे माझ्या वर्गात २८ चित्रं भिंतीवर लागली आणि सगळी पोरं पुण्याच्या जाहिरातीतली वाटत होती. एका मुलीची आई बघून म्हणाली, 'माही पोरगी कुठं हाये याच्यात?'

तेव्हापासून फोटो वऱ्हांड्यात, सावलीत, तोंड उजेडाकडे करून काढते. मागचा कॅमेरा, ब्यूटी बंद. आणि रंग फोटोवरून घेऊच देत नाही. आधी कागदावर गेरू, पिवळा, थोडा निळा असं मिसळून आपल्या मनगटाशेजारी धरायचं. जुळलं की तोच रंग पडद्यावर शोधायचा. एक तास जातो, जाऊ द्या.

कुंकू, टिकली, ओढणी, चेहऱ्यावरचा डाग, दात पडलेला: ठेवायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. बाईंनी सुचवायचंही नाही.

खडूवाली

रंगपेटी, हे मी करणारच.

काका, ग्रुप रद्द. फोटो मीच शाळेत काढीन. शाळेचा जुना टॅब आहे, त्यात सिम नाही, त्याच्यावर. तिथून केबलने संगणकात. फाइलला नाव नाही, हजेरी क्रमांकही नाही, कारण तो सगळ्या गावाला पाठ असतो. चिठ्ठी काढून आकडा. कुठला आकडा कुणाचा ते माझ्या वहीत. काम झालं की फोटो पुसायचे. एवढ्याने जमेल ना?

पिक्सेलकाका

टॅबमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन बंद करा आणि त्यावर कुठलं गूगल खातं चालू असेल तर फोटोंचा बॅकअप बंद आहे का ते बघा. वायफाय मिळालं की टॅब गुपचूप वर पाठवतो.

आता खरी गोम सांगतो. पुसायचा फोटो तुम्ही ज्या फोल्डरमध्ये ठेवलाय तिथे असतोच, पण तो चित्राच्या फाइलच्या पोटातही असतो. पोरगं रेघा मारून झाली की फोटोच्या थरावरचा डोळा बंद करतं. फोटो दिसेनासा होतो, चित्र तेवढं दिसतं, पोरगं सेव्ह करतं. `.kra` फाइलमध्ये तो थर जसाच्या तसा आहे. आज रात्री स्वतःच्या फोटोवर करून पाहा.

खडूवाली

केलं. काका, हात जोडते.

माझाच फोटो घेतला, नाव `45.jpg`. क्रिटात उघडला, थराची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणली, वर नवा थर घेऊन चेहरा काढला (भोपळा झालाय, असो). फोटोच्या थराचा डोळा बंद केला, `45.kra` म्हणून सेव्ह केलं. मूळ `45.jpg` पुसून टाकला, कचऱ्याच्या डब्यातूनही काढला. मग पेन ड्राइव्हने `45.kra` शेजारच्या संगणकावर नेली, उघडली, डोळ्यावर टिचकी मारली. मी हजर! पदराच्या पिनेसकट.

मग शहाणी होऊन तो थर डिलीटच केला आणि पुन्हा सेव्ह केलं. फाइल काही एमबीची होती ती एकदम बारीक झाली. मला वाटलं जिंकले. फोल्डर पाहिला तर `45.kra` शेजारी अजून एक फाइल:

```
45.kra
45.kra~
```

शेवटी शेपटी आहे. ही कुणी केली?

पिक्सेलकाका

क्रिटाने. सेव्ह करताना आधीची आवृत्ती बाजूला ठेवायची त्याची सवय आहे, लाइन गेली किंवा फाइल बिघडली तर उपयोगी पडावी म्हणून. आपल्याकडची लाइन बघता सवय चांगलीच आहे. पण तुमच्या बाबतीत आधीची आवृत्ती म्हणजे फोटोवाली. तिची शेपटी काढून वेगळ्या नावाने `.kra` करा आणि उघडा, तुम्ही परत हजर.

सेटिंगमध्ये फाइल हाताळणीच्या पानावर हा बॅकअप बंद करता येतो. मी तो बंद करू नका म्हणेन, पोरांचं काम जाईल. त्यापेक्षा शेवटी प्रत्येक चित्राची PNG काढा. PNG मध्ये थर नसतात, जे दिसतंय तेवढंच जातं. म्हणून ती काढताना फोटोचा थर डिलीट झालाय किंवा त्याचा डोळा तरी बंद आहे ना ते बघा, नाहीतर फिकट फोटो चित्राखाली दिसत राहील. या PNG एका वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि कामाचा आख्खा फोल्डर, `.kra`, शेपटीवाल्या, jpg, सगळं एकदम Shift+Delete. पाच संगणकांवर आणि टॅबवर. सगळं काम पहिल्यापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवलं तरच हे जमतं. डेस्कटॉपवर सांडलेल्या फाइली कुणी शोधत बसत नाही.

हेही खरं की Shift+Delete नंतर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आणून कुणी बसला तर काही दिवस फोटो परत काढू शकतो. म्हणून 'पूर्णपणे सुरक्षित' हे शब्द पत्रात नकोत. जे तुम्ही स्वतः तपासू शकता तेच लिहा.

शेवटचा_बाक

यापेक्षा बटर पेपर बरा. मिठाईवाल्याकडून आणा, फोटोची झेरॉक्स खिडकीच्या काचेवर चिकटवा, वरून गिरवा. लाइन नको, शेपटी नको.

निंबोणी

आणि झेरॉक्स काढायला फोटो कुठे पाठवणार? आमच्याकडे सगळे झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप करतात. त्याच्या फोनमध्ये आख्ख्या गावाचे आधार आणि फोटो पडलेत.

शेवटचा_बाक

हे मात्र खरं. माझाही सातबारा असेल त्याच्याकडे.

खडूवाली

शाळेत प्रिंटर आहे, शाई आहे का ते देव जाणे. ज्या मुलांना फोटो नको त्यांच्यासाठी आरसा ठेवणार आहे. आरशात बघून कागदावर काढायचं, मग त्या कागदाचा फोटो घेऊन संगणकावर गिरवायचा. चेहऱ्याचा फोटो कुठेच नाही, पण पोरगं त्याच तासाला त्याच संगणकावर बसेल.

नवं पत्र. दोन रात्री गेल्या:

> मा. पालक,
> स.न.वि.वि.
>
> सातवीची मुले स्वतःच्या फोटोवर रेघा मारून संगणकावर स्वतःचे चित्र काढणार आहेत. असे चित्र म्हणजे अवतार. पुढे ते चित्र मराठीच्या तासाला चित्रकथेत वापरायचे आहे. यासाठी आठ तास लागतील.
>
> फोटो आपण पाठवू नये. मी शाळेच्या टॅबवर, वऱ्हांड्यात, फक्त चेहऱ्याचा एक फोटो काढीन. शाळेचा बिल्ला त्यात येणार नाही. फाइलवर मुलाचे नाव नसेल, चिठ्ठीतला आकडा असेल. त्या आकड्यांची यादी फक्त माझ्या वहीत राहील. फोटो कोणत्याही ॲपवर, वेबसाइटवर किंवा ग्रुपवर टाकला जाणार नाही. संगणकांची नेटची तार या तासांना काढलेली असेल.
>
> चित्रे पूर्ण झाल्यावर शनिवारी सकाळी फोटो व कामाच्या सर्व फाइली पाचही संगणकांवरून आणि टॅबवरून पुसू. त्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक समोर बसतील व वहीत सही करतील. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी यावे. पुसलेली फाइल तज्ज्ञ माणूस खास सॉफ्टवेअरने काही काळ परत मिळवू शकतो, हे मी आपल्याला आधीच सांगून ठेवते.
>
> चित्र शिल्लक राहील. ते वर्गाच्या भिंतीवर लागेल, खाली मुलाने स्वतः निवडलेले टोपणनाव असेल. भिंतीवरील चित्राचा फोटो पाहुण्यांनी काढला तर तो मला थांबवता येणार नाही. आपला मुलगा किंवा मुलगी चित्रावरूनही ओळखू येऊ नये असे वाटत असेल तर चित्र भिंतीवर लावणार नाही, वहीत राहील.
>
> फोटो नको असल्यास मूल आरशात पाहून चित्र काढेल. त्याचे गुण कमी होणार नाहीत व कारण विचारले जाणार नाही. आज हो म्हणून उद्या नको वाटले तर मुलाजवळ निरोप द्या, त्याच दिवशी फोटो पुसून चित्र खाली उतरवीन.
>
> खालीलपैकी एकावर खूण करून सही किंवा अंगठा करावा. चिठ्ठी परत आली नाही तर फोटो काढणार नाही.
> ☐ फोटो चालेल, चित्र भिंतीवर चालेल
> ☐ फोटो चालेल, चित्र वहीतच ठेवा
> ☐ आरसा

काळा_कोट

चांगलं आहे. एक जोडा: मुलाचीही सही घ्या. कायद्यात लागत नाही, पण बारा वर्षांच्या पोराला स्वतःचं तोंड भिंतीवर हवंय का हे कुणीच विचारत नाही.

वऱ्हाडी_पोट्टा

पत्र लय मोठं झालं मॅडम. सध्या कापूस येचाले जाते समदे, सकाळी सहाले घर सोडते. वाचन कोण? लेकरूच वाचून दाखवन आन् लेकरूच सांगन कुठं खूण करा म्हणून.

खडूवाली

हे बरोबर आहे आणि मला याचं नीट उत्तर सापडलेलं नाही. संध्याकाळी सात नंतर पारावर दोन दिवस बसून मोठ्याने वाचून दाखवते, आरशापासून सुरुवात करून. नाहीतर पहिल्याच चौकटीवर सगळ्यांचे अंगठे पडतील.

रंगपेटी

भिंतीचं सोडा, ग्रुपवर चित्र टाकणार की नाही? पालक मागणारच.

खडूवाली

मुख्याध्यापक म्हणतात टाका, २६ जानेवारीच्या बॅनरवरही घ्या. मी म्हणते पत्रात भिंत लिहिलंय, तर भिंतच. आज स्टाफरूममध्ये चहा गार झाला यावर.

निंबोणी

बॅनर नको. फ्लेक्सवाल्याकडे फाइल जाईल, परत तेच झेरॉक्सवाल्याचं.

खडूवाली (अकरा दिवसांनी)

कळवायचं राहिलं होतं. ३१ पैकी २९ चिठ्ठ्या आल्या. भिंत २१, वही ५, आरसा ३. दोन आल्या नाहीत, त्यांचं कुटुंब कापसाच्या कामाला बाहेरगावी आहे, ती मुलंही आरशावर बसली. मग गंमत झाली. फोटोवाल्यांतले चौघं येऊन म्हणाले आम्हालाही आरसाच पाहिजे, तिकडे जास्त मजा चालली आहे. त्यांचे फोटो त्याच दिवशी उडवले.

शनिवारी पुसायला बसलो. समितीतल्या एक ताई आल्या होत्या, त्यांना संगणक येत नाही. पण त्यांनीच विचारलं, 'ते शेपटीवालं कुठं हाये ते दाखवा पयले.' पारावर वाचताना मी सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात राहिलं. चौथ्या संगणकावर, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, कुणीतरी भलतीकडे सेव्ह केलेली एक सापडली. ती मी बघितलीच नसती.

बॅनरचं अजून भिजत घोंगडं आहे.

तुळशीवृंदावन

मॅडम, मग शेवटी नरसिंह कोण झालं?